ऑनलाइन चाचणीतले अभिप्राय: मराठीत धीर द्यायचा, पण लहान मुलासारखं वागवायचं नाही. कसं लिहिता?

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. मी नागपुरात ई-लर्निंगचा मजकूर लिहिते. सध्या अंगणवाडी सेविकांसाठी बाळाच्या जुलाबावरचा एक छोटा पाठ आणि त्यावरची १० प्रश्नांची चाचणी हातात आहे. मराठी आणि इंग्रजी, दोन्हीत हवी आहे. सेविका मराठीतून सोडवतील, वरचे काही अधिकारी इंग्रजीतून बघतील.

मागच्या आठवड्यात हिंगण्याच्या बाजूला एका सभागृहात १५-१६ सेविकांसोबत बसून पहिला मसुदा मोबाइलवर करून घेतला. एका ताईंनी पहिला प्रश्न बरोबर सोडवला आणि पडद्यावर आलं, "शाब्बास! तुम्ही खूप हुशार आहात!" त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. म्हणाल्या, "बावीस वर्षं झाले मी अंगणवाडी चालवून राहिली. आता हा मोबाइल मले शाब्बास म्हणते का?" बाजूच्या ताईंचं उत्तर चुकलं होतं. त्यांना दिसलं, "अरेरे! छान प्रयत्न! हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करा, तुम्ही नक्की करू शकता!" त्या काहीच बोलल्या नाहीत, पण पुढचे सगळे प्रश्न वाचता वाचता दुसऱ्यांना विचारून सोडवले.

हे सगळे संदेश मीच लिहिले होते. आधी इंग्रजीत लिहून मग मराठी केले होते, तेही सांगते. गेले चार दिवस तोच प्रसंग डोळ्यासमोर येतोय. तुम्ही लोक काय लिहिता?

धरमपेठकर

उपाय सोपा आहे. कौतुक पूर्ण काढून टाका. "बरोबर" आणि "चूक", संपलं. मोठ्या माणसांना गोंजारणं लागत नाही, त्यांना निकाल लागतो. आमच्या बँकेच्या प्रशिक्षणात असंच असतं, कोणाचीही तक्रार नाही.

खडू_फळा

माझा अनुभव उलट आहे. चौथीच्या वर्गाला टॅबवर चाचणी देतो. "शाब्बास" आलं की पोरं उड्या मारतात, तारा मिळाला की शेजारच्याला दाखवतात. कौतुक काढू नका हो. आवाजही टाका, टाळ्यांचा. मुलांना फार आवडतं.

संत्राबर्फी

मास्तर, तुमच्या वर्गासाठी ते बरोबरच असेल. माझ्याकडे चौथीची मुलं नाहीत, चाळिशी-पन्नाशीच्या बाया आहेत. त्यातल्या काहींची मुलं इंजिनिअर झाली आहेत.

निरीचा_नाका

इथे एक गोष्ट मराठीची आहे, ती इंग्रजीवरून कळत नाही. "शाब्बास" हा शब्द वरून खाली जातो. आजोबा नातवाला म्हणतात, गुरुजी विद्यार्थ्याला म्हणतात. सुनेनं सासूला "शाब्बास" म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. इंग्रजीतलं "वेल डन" सहकाऱ्याला चालतं, साहेबालाही चालून जातं. म्हणजे भाषांतर शब्दाचं झालं, पण बोलणाऱ्याचं वय त्यासोबत बदललं. त्या ताईंना राग कौतुकाचा आला नाही, त्या फोननं स्वतःला त्यांच्यापेक्षा मोठं समजलं त्याचा आला.

"छान प्रयत्न"चंही तसंच. मराठीत आपण असं म्हणत नाही. कोणी म्हटलंच तर ऐकणाऱ्याला कळतं की आपलं चुकलंय आणि समोरचा सांत्वन करतोय. आणि "पुन्हा प्रयत्न करा" हे तर फोन लागला नाही की ऐकू येणारं वाक्य आहे.

धरमपेठकर, तुमचं अर्धं पटतं. व्यक्तीचं कौतुक काढायचंच. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे ६००हून अधिक परिणाम एकत्र करून पाहिले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानं कामगिरी उलट खाली गेलेली दिसली. लक्ष कामावरून उठून "मी कशी आहे" याकडे गेलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. "तुम्ही हुशार आहात" आणि "अरेरे" दोन्ही तिकडेच नेतात. पण नुसतं "चूक" म्हणून थांबलात तर त्या ताईंना काय चुकलं ते कुठे कळलं? बँकेत तक्रार नसेल, पण पुढच्या वेळी तोच प्रश्न बरोबर येतो का, ते कोणी पाहिलंय?

धरमपेठकर

ते नाही पाहिलं. मान्य. पण मग लिहायचं काय? प्रत्येक चुकीच्या उत्तराला निबंध?

निरीचा_नाका

निबंध नाही. दोन वाक्यं. पण ती माणसाबद्दल नकोत, त्यानं निवडलेल्या पर्यायाबद्दल हवीत. संत्राबर्फी, एक प्रश्न पर्यायांसकट टाका ना. हवेत बोलून उपयोग नाही.

संत्राबर्फी

हा घ्या, चौथा प्रश्न. याच्यावर सगळ्यात जास्त जणी अडखळल्या.

"आठ महिन्यांच्या बाळाला जुलाब होते. ओआरएस आणि रोज एक झिंकची गोळी सुरू केली. चौथ्या दिवशी जुलाब थांबले. आई विचारते, गोळी बंद करू का? तुम्ही काय सांगाल?"

अ) हो, जुलाब थांबले की बंद करा.
आ) नाही, १४ दिवस पूर्ण करा.
इ) आता अर्धी गोळी देत जा.

बरोबर उत्तर आ. अ आणि इ, दोन्हींना माझा तोच "अरेरे, छान प्रयत्न" लावलेला होता.

निरीचा_नाका

बघा, दोन चुका दोन वेगळ्या डोक्यांतून आल्या आहेत. जिनं अ निवडला तिचं म्हणणं असं, की झिंक हे जुलाब थांबवायचं औषध आहे, काम झालं, बंद. जिनं इ निवडला तिनं अर्ध्या गोळीबद्दल खरंच कुठेतरी ऐकलंय. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळीच देतात. सहा महिन्यांच्या पुढे २० मिलिग्रॅम, पूर्ण गोळी. तिला माप माहीत आहे, वय चुकलंय. या दोघींना एकच वाक्य म्हणजे डॉक्टरनं नाडी न बघता सगळ्यांना एकच गोळी दिल्यासारखं.

मी असं लिहीन.

अ साठी: "जुलाब थांबले, ही चांगली खूण आहे. पण झिंक फक्त तेवढ्यासाठी देत नाहीत."

इ साठी: "अर्धी गोळी देतात, पण लहान बाळाला. प्रश्नातल्या बाळाचं वय एकदा बघा."

यात "छान" नाही, "अरेरे" नाही. तरी इ वाचणाऱ्या ताईंना कळतं की आपल्याला जे माहीत आहे ते वाया गेलेलं नाही. मला वाटतं, मोठ्या माणसाला धीर असा मिळतो.

आणि बरोबर उत्तरालाही कारण द्या. तीन पर्यायांत अंदाजानं लागलेलं असू शकतं. "बरोबर. पूर्ण १४ दिवस दिल्यानं पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते." यातलं दुसरं वाक्य ती उद्या आईला जसंच्या तसं सांगू शकते.

पारडीची_ताई

मी स्वतः सेविका आहे. त्या सभागृहात नव्हती, पण असंच एक आमच्या इकडे करून घेतलं होतं. माझी गोष्ट वेगळी आहे, सांगू का.

प्रश्न होता, ओआरएसचं एक पाकीट किती पाण्यात? मी "एक ग्लास, २०० मिली" निवडलं. लाल फुली आली आणि खाली "प्रश्न नीट वाचा". मी नीटच वाचला होता. आमच्या वस्तीत बाया मेडिकलमधून लहान पाकीट आणतात, त्याच्यावर २०० मिलीच लिहिलेलं राहते. सरकारी पाकीट एक लिटरचं. प्रश्नात कोणतं पाकीट ते लिहिलंच नव्हतं. मी मॅडमला सांगितलं, त्या म्हणाल्या उत्तर एक लिटरच आहे. तेव्हापासून मले त्या मोबाइलवर काही सोडवावंसं नाही वाटत.

संत्राबर्फी

ताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. माझ्या सहाव्या प्रश्नातही हीच चूक आहे, मी आत्ताच उघडून बघितलं. पाकिटाचं माप लिहिलेलं नाही.

निरीचा_नाका

ताईंचं बरोबर आहे आणि हे गंभीर आहे. लिटरच्या पाकिटात सगळं मिळून साडेवीस ग्रॅम असतं, लहान पाकिटात त्याच्या साधारण पाचवा हिस्सा. लहान पाकीट कोणी लिटरभर पाण्यात घातलं तर द्रावण अगदी पातळ होतं. मोठं पाकीट ग्लासात घातलं तर मीठ पाचपट होतं आणि ते बाळाला घातक आहे. म्हणजे इथे अभिप्रायानं "पाकिटावर लिहिलेलं पाण्याचं माप बघा" असं सांगायला हवं होतं. प्रश्नच सदोष असला की त्याच्यावर कितीही गोड अभिप्राय लिहा, तो ताईंना खोटंच पाडणार.

आणि "नीट वाचा" कधीही लिहू नका. ते वाचलंच नाही असा आरोप आहे. "वय बघा", "पाकिटावरचं माप बघा" असं नेमकं बोट दाखवा.

मूडलवाला

मी फक्त यंत्राच्या बाजूनं बोलतो. संत्राबर्फी, चाचणी मूडलवर आहे का? असेल तर तुमच्या ताईंना तुम्ही लिहिलेल्यापेक्षा जास्त वेळा "चूक" वाचायला मिळत असेल.

संत्राबर्फी

हो, मूडलच. म्हणजे कसं?

मूडलवाला

एका चुकीच्या उत्तराखाली चार ठिकाणाहून मजकूर येऊ शकतो. एक, मूडल स्वतः दाखवतं ते बरोबर की चूक. दोन, त्या पर्यायाचा `Feedback`. तीन, `Combined feedback`. चार, `General feedback`. यातलं तिसरं फसवं आहे. नवीन प्रश्न बनवताना त्या चौकटीत "युअर आन्सर इज इनकरेक्ट" आधीच भरलेलं येतं, प्रश्न बनवणाऱ्याच्या भाषेत. तुम्ही इंग्रजी पडद्यावर काम केलं असेल तर मराठी ताईंना मराठी अभिप्रायाच्या खाली ते इंग्रजी वाक्य दिसतंच. आधी त्या चौकटी रिकाम्या करा. "चूक" एकदाच कळली की पुरे.

दुसरं, निरीचा_नाका यांनी लिहिलेले संदेश चांगले आहेत, पण ते कुठे घालायचे त्यावर सगळं आहे. `Interactive with multiple tries` लावलं तर चुकल्यावर पुन्हा संधी मिळते, आणि पर्यायाचा अभिप्राय लगेच दिसतो. तिथेच "१४ दिवस द्या" लिहिलंत तर दुसऱ्या प्रयत्नाला अर्थ राहत नाही. म्हणून पर्यायाखाली फक्त हा पर्याय का बसत नाही ते. `Hint` मध्ये कुठे बघायचं ते. पूर्ण उत्तर आणि कारण `General feedback` मध्ये, ते प्रश्न संपल्यावर सगळ्यांना दिसतं. याउलट `Deferred feedback` असेल तर सगळं शेवटीच दिसतं, मग "वय एकदा बघा" वाचून ताई काय करणार? त्याच प्रयत्नात पुन्हा सोडवता येतच नाही. तिथे थेट उत्तर लिहा.

धरमपेठकर

आणि गुण? आमच्याकडे दुसऱ्यांदा बरोबर आलं की ०.६७ दिसायचं. एक जण येऊन विचारून गेला, हे ६७ पैसे कसले?

मूडलवाला

तो `Penalty for each incorrect try`. आपोआप एक तृतीयांश असतो. वर "बरोबर" आणि बाजूला ०.६७, म्हणजे शब्द एक सांगतात आणि आकडा दुसरं. सरावाच्या चाचणीत तो शून्य करा. आम्ही तेच करतो.

इंग्रजी_मास्तरीण

इंग्रजीच्या बाजूनं थोडं. मी दोन्ही भाषांचं संपादन करते. संत्राबर्फीनं जे केलं ते बहुतेक जण करतात: आधी इंग्रजी, मग त्याचं मराठी. माझा आग्रह असतो की दोन्ही वाक्यं त्या पर्यायावरून स्वतंत्र लिहा. त्यांचा अर्थ जुळला पाहिजे, शब्द जुळायची गरज नाही. "नॉट क्वाइट" इंग्रजीत मऊ लागतं. त्याचं मराठी "पूर्णपणे नाही" असं केलेलं मी पाहिलंय. मराठी माणूस असं बोलतच नाही. मराठीत तिथे काहीच न लिहिता थेट कारणावर गेलं तरी ते उद्धट वाटत नाही.

इंग्रजीत मी काढते ते शब्द: "सिंपली", "जस्ट", "ऑब्व्हियसली", "रिमेंबर दॅट". मराठीत त्यांचे भाऊ आहेत. "फक्त एवढंच लक्षात ठेवा", "अगदी सोपं आहे", "आपण शिकलोच होतो ना". सोपं आहे म्हटलं आणि तिला ते आलं नसेल, तर तिच्यासाठी ते वाक्य काय झालं? तो "च" आणि तो "ना" दोन्ही काढा, वाक्य लगेच नरम होतं.

मराठीत आणखी एक अडचण, जी इंग्रजीत नाही. "तू" केलं की क्रियापद बाई-पुरुष विचारतं: चुकलास की चुकलीस. "तुम्ही" घेतलं की प्रश्न सुटतो: चुकलात, निवडलंत, ओळखलंत. त्यामुळे "तुम्ही" मानासाठी तर हवंच, सोयीसाठीही हवं.

अ पर्यायाचं मी असं भरीन:

```html
<span lang="mr" class="multilang">जुलाब थांबले, ही चांगली खूण आहे. पण झिंक फक्त तेवढ्यासाठी देत नाहीत.</span>
<span lang="en" class="multilang">The diarrhoea has stopped, which is a good sign. Zinc is given for more than that.</span>
```

मूडलवाला

बरोबर आहे. मूडलचा `Multi-Language Content` फिल्टर चालू आहे का ते बघून घ्या, नाहीतर दोन्ही भाषा एकाखाली एक दिसतील. आणि भाषा ठरते ती वापरणाऱ्याच्या सेटिंगवरून. ताईंच्या खात्याची भाषा इंग्रजी राहिली असेल तर तुम्ही कितीही सुंदर मराठी लिहा, त्यांना इंग्रजीच दिसेल. त्या सभागृहात दोन-तीन फोन उघडून हे आधी तपासा.

खडू_फळा

माफ करा, मी आधी मुलांचं धरून चाललो होतो. पण हे वाचून माझ्या वर्गाचाही विचार आला. एक मुलगा कायम पहिल्या सोप्या प्रश्नाला "शाब्बास" मिळाल्यावर खूश होतो आणि अवघड आला की टॅब सरकवतो. त्याला तारा पुरतो, कारण मिळत नाही. मी उद्या दोन प्रश्नांना पर्यायावरचे अभिप्राय लिहून बघतो. शाब्बास मात्र ठेवणार, माझी मुलं लहान आहेत.

निरीचा_नाका

ठेवा की. तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठे आहातच.

संत्राबर्फी

दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. एक, वऱ्हाडीत लिहू का? "बाळाचं वय एकदा पाहून घ्या ना" असं काही. मला वाटलं घरचं वाटेल. दुसरं, सगळं संपल्यावर दहापैकी तीन आले तर काय लिहायचं? आधी मी "निराश होऊ नका" लिहिलं होतं.

पारडीची_ताई

वऱ्हाडी नको मॅडम. आम्ही घरी बोलतो तसं, पण मोबाइलवर वाचलं की कोणी आमची नक्कल करून राहिलं असं वाटते. साधी मराठी लिहा, आम्हाला येते.

निरीचा_नाका

माझं मत वेगळं आहे. ऑडिओ असेल आणि आवाज इथल्याच बाईचा असेल, तर वऱ्हाडी जवळची वाटू शकते. छापील अक्षरात ताई म्हणतात तसंच होईल कदाचित. ताईंचं ऐका, त्या वाचणार आहेत.

दहापैकी तीनला "निराश होऊ नका" म्हणजे ती निराश झालीय हे तुम्हीच ठरवलं. आकडा तिला दिसतोच. त्याच्याबद्दल बोलू नका, पुढे काय ते सांगा.

मूडलवाला

`Overall feedback` मध्ये टक्क्यांच्या सीमा टाकून वेगळे संदेश देता येतात. पण त्याला कोणते प्रश्न चुकले ते कळत नाही, फक्त एकूण गुण कळतात. त्यामुळे "झिंकचा भाग पुन्हा बघा" असं तिथे लिहू नका. तिची चूक ओआरएसमध्ये असू शकते. "चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली कारण दिलं आहे. ते वाचून चाचणी पुन्हा सोडवता येईल, कितीही वेळा" इतकं खरं सांगता येतं. पण `Attempts allowed` खरंच `Unlimited` ठेवा, एक ठेवून असं लिहाल तर ते खोटं ठरेल.

इंग्रजी_मास्तरीण

दहापैकी दहाला काय? माझा तिथे अजून निर्णय होत नाही. नुसतं "सगळी उत्तरं बरोबर" कोरडं वाटतं, त्यापुढे काही लिहिलं की पुन्हा पाठ थोपटल्यासारखं होतं.

धरमपेठकर

तिथे मला कोरडंच आवडेल. पण आता मी एकटाच असं म्हणतोय असं दिसतंय.

संत्राबर्फी

काल रात्री बसून पहिल्या सहा प्रश्नांचे अभिप्राय पुन्हा लिहिले. `Combined feedback` रिकामं केलं, दंड शून्य केला. सहाव्या प्रश्नात आता "एक लिटर लिहिलेलं पाकीट" असं आहे, आणि २०० मिली निवडणाऱ्यांना दिसेल: "लहान पाकिटाला २०० मिलीच लागतं. या प्रश्नातल्या पाकिटावर एक लिटर लिहिलं आहे." तिथेच एक नवा प्रश्न टाकला, लहान पाकिटाचा. पारडीच्या ताई, तो तुमच्यामुळे आला.

त्या फोन पालथा ठेवणाऱ्या ताईंना फोन करून पुन्हा बघाल का म्हणून विचारलं. सोमवारी या म्हणाल्या, पण आधी एक विचारलं: १४ दिवसांत मध्येच एक दिवस गोळी राहिली तर आईला काय सांगायचं, ते पाठात आहे का? नाहीये. ते मी आधी डॉक्टरांना विचारून घेते, मग दहावा प्रश्न लिहिते.

पारडीची_ताई

मी तर आईला भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक रेघ मारायला सांगते. १४ रेघा झाल्या की गोळ्यांची रिकामी पट्टी मला दाखवायला आणते.